टोचलेला कान पिकला तर काय काढावे, काय राहू द्यावे

(मंडळाच्या चैत्रातील हळदीकुंकवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



मागच्या महिन्यात आपल्याच गल्लीतल्या एका बाळाचे कान टोचले आणि पाचव्या दिवशी एक कान पिकला. बाळाची आई बिचारी घाबरून चार घरी विचारून आली. तिला चारही घरी एकच सांगण्यात आले, "आधी ती तार काढून टाक." अध्यक्षबाईंनी तेव्हाच मला म्हटले की, तुमच्या घरी हे सगळे होऊन गेले आहे, तर यंदा तुम्हीच यावर चार शब्द बोला. मी डॉक्टरीण नव्हे. पण एका मुलीचा कान मी माझ्या हाताने बिघडवला आणि पुढे दुसरीचा नीट बरा होताना पाहिला, एवढा माझा अधिकार.

आधी एक खुलासा करते. कान फुटणे वेगळे आणि टोचलेला कान पिकणे वेगळे. कान फुटतो तेव्हा कानाच्या आतून पू येतो. मी बोलणार आहे ते बाहेरच्या भोकाविषयी, जिथे सोनार तार घालतो किंवा हल्ली दुकानात बंदुकीने खडा ठोकतात, त्या जागेविषयी.

2008 सालची गोष्ट. माझी थोरली तेव्हा पाच वर्षांची होती. तिचे कान टोचायचे राहून गेले होते, ते सोनाराकडे नेऊन टोचून आणले. सोन्याची बारीक तार होती. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी उजव्या पाळीला हात लावू देईना. पाहिले तर पाळी लाल, चकचकीत, तारेच्या कडेने पिवळा दाट पू. सासूबाई म्हणाल्या, "अगं, सोने सोसले नाही पोरीला. काढ ती तार." मलाही तेच वाटले. काटा रुतला तर काटा काढतो, तसेच हे. तार ओढून काढली, पू पुसला, वरून हळद आणि खोबरेल लावले. पोर रडायची थांबली. संध्याकाळपर्यंत भोकावर खपली धरली आणि दोन्ही बाजूंनी तोंड मिटल्यासारखे दिसू लागले. मी मनात म्हटले, बरे झाले.

तिसऱ्या दिवशी पाळीत बोराएवढी गाठ, अंगात ताप आणि कानाखाली अवधाण. डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पाळी बधिर करून चीर दिली, तेव्हा केवढा तरी पू निघाला. मलमपट्टी करता करता ते म्हणाले, "बाई, आत पू होता आणि तुम्ही बाहेरून दार लावून घेतलेत." त्या पाळीवर अजून वण आहे. लग्नात तिला कुडी घालायची तर भोक जरा खाली घ्यावे लागले. ती काही बोलली नाही, पण मला ते दर वेळी दिसते.

डॉक्टरांचे ते वाक्य मला नीट कळायला पुढे पुष्कळ दिवस लागले. नवे भोक म्हणजे पाळीतून आरपार गेलेला एक बारीक बोळ आहे असे समजा. त्या बोळाला आतून कातडे नसते, नुसती उघडी जखम असते. कातडे दोन्ही तोंडांकडून हळूहळू आत सरकत येते आणि मध्ये मिळते. पाळीला त्यासाठी दीड-दोन महिने लागतात. म्हणून दहा दिवसांत बाहेरून भोक छान दिसते, पण मधला भाग कच्चाच असतो. आता या बोळात पू झाला, तर तार त्याला वाट ठेवते. तारेच्या कडेने तो झिरपून बाहेर येतो. तार काढली की नव्या भोकाचे तोंड काही तासांतच मिटू लागते आणि पू आत कोंडतो. त्याचेच गळू होते. तेव्हा पाळी पिकली, पण तार सैल आहे, पुढून-मागून दिसते आहे आणि पू वाहतो आहे, तर तार राहू द्यायची. काढायचे ते दुसरेच काही असते. ते काय, हे मला पंधरा वर्षांनी माझ्या पुतणीच्या कानावरून शिकायला मिळाले.

2023 च्या मे महिन्यात धाकट्या जावेची दहा वर्षांची मुलगी सुट्टीला आमच्याकडे आली होती. येण्याआधी सहा दिवस तिचे कान दुकानात बंदुकीने टोचले होते. पुढे खडा, मागे फुलपाखरासारखी चाप. रविवारी संध्याकाळी म्हणाली, "काकू, कान ठणकतो." मी आधी हात साबणाने धुतले आणि उजेडात नेऊन दोन्ही कान पाहिले. डाव्या कानाभोवती थोडी लाली आणि पांढुरकी वाळलेली खपली होती. ते साहजिक असते. पहिले काही दिवस पाणचट लस येते, ती वाळते, त्याला पू म्हणायचे नाही. पण उजव्या पाळीवर बोटाची मागची बाजू टेकवली तर दुसऱ्या कानापेक्षा स्पष्ट गरम. पू दाट, पिवळा. आणि मुख्य म्हणजे दुखणे पहिल्या दिवसापासून उतरत जायला हवे, ते तिचे चौथ्या दिवसापासून वाढत होते. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की कान पिकला असे समजावे.

मग मी मागची चाप पाहिली. ती पाळीला अगदी चिकटून बसवलेली होती. कान सुजला की त्याला फुगायला जागा लागते. दांडी आखूड आणि चाप घट्ट असेल, तर पाळी दोन्हींच्या मध्ये चेपली जाते, रक्त नीट फिरत नाही आणि पूही बाहेर येत नाही. अशी चाप तशीच राहिली तर एक दिवस कातडे तिच्यावरून येते आणि चाप पाळीत बुडते. सुदैवाने तिची बुडालेली नव्हती, पुरी दिसत होती. मी पुढचा खडा एका हाताने स्थिर धरला आणि चाप दांडीच्या टोकाकडे अगदी थोडी सरकवली. चापेच्या आणि पाळीच्या मध्ये सुपारीच्या कातरणाएवढी फट राहिली. पोर लगेच म्हणाली, "आता ओढल्यासारखे वाटत नाही." तर पहिली काढायची गोष्ट म्हणजे हा घट्टपणा. फिरकी असेल तर एक-दोन वेढे मागे घ्यावी, पण ती गळून पडेल इतकी नव्हे.

चाप बुडालेलीच असती, म्हणजे मागे हात लावून ती लागत नसती किंवा पुढचा खडा कातड्यात रुतलेला दिसत असता, तर मात्र ती काढावीच लागते. पण ती घरी नाही. सुजलेल्या पाळीतून ओढून काढताना पाळी फाटते, शिवाय चाप आत तुटून राहू शकते. डॉक्टर पाळी बधिर करून दोन मिनिटांत काढतात. आपण फक्त त्याच दिवशी न्यायचे.

नंतर मिठाचे पाणी केले. एक पेलाभर पाणी खळखळ उकळून, कोमट होऊ देऊन त्यात चहाचा पाव चमचा मीठ, तोही सपाट. जास्त मीठ घातले म्हणजे जास्त गुण असे नाही, उलट जखम भाजल्यासारखी होते. उकळून वाळवलेल्या मलमलीच्या तुकड्याची घडी त्यात भिजवून पाळीला पुढून-मागून धरली. पाचएक मिनिटे, निवेल तशी पुन्हा भिजवून. शेकाने खपली मऊ झाली, ती आपोआप घडीला चिकटून आली आणि मागोमाग पू वाहिला. जी सुटली नाही ती मी नखाने काढली नाही. पिळले तर मुळीच नाही. पिळल्याने पू बाहेर येतो तेवढाच आतही शिरतो. मग कोरड्या स्वच्छ घडीने टिपून घेतले. कापसाचे बोळे वापरू नयेत, त्यांचे तंतू दांडीला गुंडाळतात. असा शेक दिवसातून तीन वेळा दिला.

आता यात माझ्या आईच्या वेळच्या दोन गोष्टी मी मुद्दाम केल्या नाहीत. एक म्हणजे तार फिरवणे. आई म्हणे, रोज फिरवावी म्हणजे चिकटत नाही. पण फिरवली की आत आलेले कोवळे कातडे सोलले जाते आणि तारेवर वाळलेली घाण बोळात ओढली जाते. दुसरी म्हणजे हळद-तेल. हळद चांगली नाही असे मी कसे म्हणू, रोज भाजीत घालते. पण डब्यातली हळद स्वच्छ नसते आणि तिचा तेलातला लेप भोकाच्या तोंडावर बसून पुवाची वाट बंद करतो. चुना, राख, दात घासायची पेस्ट यांचेही तेच. स्पिरिट आणि फेस येणारे औषधी पाणी नव्या कातड्यालाच जाळते. घरात उरलेल्या कॅप्सुला होत्या, त्यांनाही हात लावला नाही.

सोमवारी सकाळी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी कुंडल पाहून "आहे तिथे राहू द्या" असेच सांगितले. धनुर्वाताची लस झाली आहे का ते विचारले आणि दोन वेळा पातळसर लावायला मलम दिले. मंगळवारी संध्याकाळी पाळी निम्म्याने निवली. बुधवारी पू जाऊन नुसती लस राहिली. शनिवारी पोर त्या कानावर झोपली आणि तिला कळलेही नाही. जाऊ फोनवर रोज म्हणे, "वहिनी, काढून टाका हो ते, पुन्हा टोचू." मी काढले नाही. पुरे दोन महिने होईपर्यंत ते खडे तसेच ठेवायला सांगितले आणि तो कान आज अगदी सरळ आहे.

डॉक्टरांनी तेव्हा मला मुदत सांगितली होती, ती तुम्हालाही सांगते. शेक सुरू केल्यापासून दोन दिवसांत उतार दिसला पाहिजे. दिसला नाही, किंवा लाली पाळीबाहेर गालाकडे-मानेकडे सरकली, ताप आला, अवधाण आले, पाळीत टणक गाठ लागली, तर पुन्हा लगेच जायचे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी दोन दिवसही थांबू नये. बारशाच्या सुमारास कान टोचलेले बाळ असेल आणि त्याला जरासा ताप आला किंवा ते दूध ओढेना, तर शेक वगैरे बाजूला ठेवून सरळ दवाखाना गाठावा.

आता हे जे सांगितले ते पाळीचे. वरच्या कानाला यातले काहीही लागू करू नका. आपल्या आज्यांच्या बुगड्या वरच्या कानात असत, मध्यंतरी ती हौस मागे पडली होती, आता कॉलेजातल्या मुली पुन्हा वरती टोचून घेतात. पाळी म्हणजे कातडे आणि चरबी, तिला रक्त भरपूर. वरचा कान दाबून पाहा, आत मऊ हाड लागते. त्या हाडाला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून त्याला पोषण मिळते. तिथे पू झाला की तो आवरण आणि हाड यांच्यामध्ये साचतो, हाड उपाशी पडते आणि मरते. मेलेले हाड परत येत नाही, कान आकसून चुरगळल्यासारखा होतो. शिवाय तिथे बहुधा जो जंतू असतो तो पाण्यात-ओलीत वाढणारा आहे, त्याला नेहमीचे मलम आणि नेहमीच्या गोळ्या पुऱ्या पडत नाहीत.

माझ्या भाचीचे 2024 मध्ये असेच झाले. टोचल्यावर दोन आठवड्यांनी वरचा कान लालभडक, गरम, डोक्यापासून पुढे आल्यासारखा आणि हात लावला तर किंकाळी. पण खालची पाळी मात्र अगदी नेहमीसारखी. हीच खूण लक्षात ठेवा. वरचा कान सुजला आणि पाळी तेवढी वाचली, तर पू आतल्या हाडापाशी आहे. तिने परीक्षा आहे म्हणून पाच दिवस अंगावर काढले, वरून पुतणीला दिले होते तेच मलम लावले. शेवटी कानाच्या डॉक्टरांना चीर द्यावी लागली आणि वरची कड जराशी खाचलीच. ती केस पुढे ओढून बसते. तिचे कुंडल डॉक्टरांनी काढले. वरच्या कानात काढायचे की ठेवायचे हे तेच पाहून ठरवतात, आपण घरी त्यावर वाद घालत बसायचे नाही. त्याच दिवशी न्यायचे, एवढेच आपले काम.

एक फसवी गोष्ट राहिली. एका बाईंच्या मुलीचे दोन्ही कान सारखेच लाल होते आणि पाणी गळत होते, म्हणून त्या मिठाचा शेक देत राहिल्या. महिना झाला तरी गुण नाही. मी विचारले, "दुखते की खाजते?" तर म्हणाली, खाजते. हा पू नव्हे, ही धातूची ॲलर्जी. खोट्या दागिन्यांत निकेल नावाचा धातू असतो, पांढऱ्या सोन्यातही पुष्कळदा असतो. दोन्ही कान एकदम, ठणक्यापेक्षा खाज जास्त, पाणी पातळ, धातू टेकतो तेवढेच कातडे खरखरीत, आणि घड्याळाच्या पट्ट्याच्या बकलाखालीही तसेच चट्टे, असे दिसले तर मात्र कानातले काढायचे. कारण इथे दुखण्याचे मूळ तेच आहे. पण भोक नवे असेल तर मोकळे ठेवू नये. त्याच बैठकीत बावीस कॅरटची तार किंवा टायटॅनियमची दांडी घालून घ्यावी. माझ्या सासूबाई 2008 मध्ये "सोने सोसले नाही" म्हणाल्या ते याच आजाराचे नाव होते, फक्त माझ्या थोरलीला तो झालेला नव्हता.

नाकाविषयी समोरच्या काकूंनी आत्ताच चिठ्ठी पाठवली आहे, त्यांच्या नातीने चमकी घातली आहे. नाकाचे भोकही मऊ हाडाजवळ असते आणि भरून यायला पाळीपेक्षा जास्त महिने लागतात. आतल्या बाजूला वाळलेला शेंबूड धरतो, तो पू समजून कोरू नका; बाहेरून मिठाचे पाणी आणि आतून ओल्या घडीने हलकेच टिपणे पुरते. नव्या भोकाशेजारी मोहरीएवढा लालसर दाणा येतो, तोही फोडायचा नाही. चमकी हलल्याने, घासल्याने तो येतो. पण खरा पू आणि सूज असेल तर दोन गोष्टी घरी करू नका. एक, फिरकी काढायला जाऊ नका. सुजलेल्या नाकात बोटाने ती सुटत नाही आणि सुटली तर आत ओढली जाऊन घशात, लहान मुलाच्या तर श्वासनळीत जाते. दुसरी, पिळू नका. नाक आणि वरचा ओठ यांच्या भागातल्या शिरा डोक्याच्या आतल्या शिरांना जाऊन मिळतात. नाकाचा पू त्या वाटेने क्वचितच जातो, पण गेला तर जिवावर बेततो. नाकाची सूज गालावर किंवा डोळ्याच्या पापणीवर चढू लागली, ताप आणि जबर डोकेदुखी झाली, तर रात्र असली तरी मोठे हॉस्पिटल गाठायचे. काकू, तुमच्या नातीचे नाक नुसते लाल आहे आणि ती हळदीकुंकवाला हसत आली आहे, तेव्हा आज चमकीला हात लावू नका. परवा सकाळी मला दाखवायला आणा, किंवा त्याआधी ठणका वाढला तर थेट डॉक्टरांना.